नोकरीच्या वेळा आडव्या येत असताना सोसायटीच्या कमिटीतलं पद कसं नाकारायचं

आमच्या छप्पन्न फ्लॅटच्या सोसायटीत मी एकदा सेक्रेटरी झाले होते. "फक्त सह्या करायच्या, बाकी सगळं आम्ही बघतो" एवढ्या एका वाक्यावर. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टने काम करते. एक आठवडा सकाळी सात ते तीन, पुढचा दुपारी दोन ते रात्री दहा. लिफ्ट बंद पडली की फोन मला यायचा आणि त्या वेळी माझ्या हातात कुणाच्या तरी रक्ताचे नमुने असायचे. फोन उचलला नाही की संध्याकाळी जिन्यात लोक विचारायचे, "सेक्रेटरी आहात ना?" नऊ महिन्यांनी राजीनामा दिला, आणि त्यातून मोकळं व्हायला आणखी दोन महिने गेले. पुढच्या निवडणुकीच्या वेळी पुन्हा विचारणा झाली, तेव्हा मी नाही म्हटलं. त्या दोन्ही वेळी जे कळलं ते इथे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे. हे सगळं महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांबद्दल आहे. तुमच्या संस्थेचे उपविधी, म्हणजे कारभाराचे नियम, थोडे वेगळे असू शकतात, म्हणून मधूनमधून ते उघडून बघावे लागतील.

आधी हे ठरवा की नक्की कशाला नाही म्हणायचं आहे

"कमिटीत ये" म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात मागतात. एक म्हणजे व्यवस्थापन समितीचं सभासदत्व आणि दुसरं म्हणजे पद, म्हणजे अध्यक्ष, सेक्रेटरी किंवा खजिनदार. निवडणूक होते ती व्यवस्थापन समितीच्या सभासदांची. निवडून आलेले सभासद नंतर पहिल्या बैठकीत आपल्यातून पदाधिकारी निवडतात. म्हणजे सभासद होण्याचा क्षण वेगळा आणि सेक्रेटरी होण्याचा क्षण वेगळा.

बहुतेक लोक या मधल्या फटीत अडकतात. "नुसता मेंबर राहा, महिन्यातून एक मीटिंग" म्हणून अर्जावर सही घेतली जाते. पहिल्या बैठकीत निवृत्त असलेले दोघे म्हणतात की तब्येतीमुळे जमणार नाही, तिसऱ्याची बदली व्हायची असते, आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. त्या खोलीत दहा जणांसमोर नाही म्हणणं सहीच्या आधी नाही म्हणण्यापेक्षा फार अवघड असतं. मी तिथेच सेक्रेटरी झाले होते.

साधा सभासद राहण्याइतका वेळ तुमच्याकडे खरोखर असेल, तर ते जरूर करा, पण पदाला नकार त्या बैठकीच्या आधी लेखी कळवून ठेवा. तेवढाही वेळ नसेल, तर सहीच करू नका. समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी असते, आणि परवानगी न घेता लागोपाठ तीन मासिक बैठका चुकवल्या तर समितीचं सभासदत्व जातं, अशी तरतूद आदर्श उपविधींमध्ये आहे. ज्याची संध्याकाळ शिफ्टमध्ये जाते त्याच्या तीन बैठका सहज चुकतात. त्यातून वाईटपणा वेगळाच पदरात पडतो. त्यातही समिती सामूहिक जबाबदारीने चालते. बैठकीला नव्हता म्हणून तिथे झालेल्या निर्णयांतून तुमची सुटका होत नाही.

तास मोजा, आणि ते दिवसाच्या कुठल्या वेळेचे आहेत तेही लिहा

"मला वेळ नाही" हे कारण चालत नाही, कारण समोरच्याकडेही वेळ नसतो. चेअरमन काकांना गुडघेदुखी असते, खजिनदारांच्या मुलीचं लग्न असतं. सगळे तसेच अडकलेले असतात आणि "अरे, आम्हाला तरी कुठे वेळ आहे?" या उत्तरापुढे आपण गप्प होतो. म्हणून वेळ नाही म्हणण्याऐवजी कामाच्या वेळा जुळत नाहीत असं म्हणा. ते म्हणण्यासाठी आधी कागदावर हिशोब मांडा.

माझ्या सेक्रेटरीपदातला एक साधा महिना, ज्यात काही मोठं घडलं नव्हतं, माझ्या डायरीतून असा निघाला होता. बैठक अडीच तास. बैठकीची नोटीस काढणं आणि इतिवृत्त लिहिणं तीन तास. मेंटेनन्सची बिलं आणि पावत्या अकाउंटंटबरोबर जुळवणं चार तास. रोजचे तक्रारींचे फोन आणि मेसेज सरासरी वीस मिनिटं, म्हणजे महिन्याला दहा तास. लिफ्टवाला, पंपवाला, सिक्युरिटी एजन्सी यांच्याबरोबर उभं राहणं पाच तास. बँक आणि पत्रव्यवहार तीन तास. फ्लॅट विक्री, भाडेकरू, नामनिर्देशन असली कागदपत्रं दोन तास. बेरीज साडेएकोणतीस तास.

फक्त एकूण तास पाहिले तर ते जमण्यासारखे वाटतात. रविवार धरून दिवसाला एक तास निघेल, असं मलाही वाटलं होतं. खरी अडचण पुढे आहे. त्यातले पाच तास कंत्राटदारांचे, तीन तास बँक आणि पत्रांचे, आणि फोनचे निम्मे म्हणजे आणखी पाच, असे तेरा तास माझ्या कामाच्या वेळेतच यायचे. लिफ्टचा माणूस सकाळी अकराला येतो, माझ्या रविवारी येत नाही. बँक साडेदहाला उघडते. उपनिबंधक कार्यालय आठवड्याच्या मधल्या दिवशी, कार्यालयीन वेळेतच भेटतं. हे तेरा तास रात्री जागून भरता येत नाहीत आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल कुणी वाद घालत नाही.

तुमचाही असा हिशोब करा. सध्याच्या सेक्रेटरींना पंधरा मिनिटं बसवून विचारा की गेल्या महिन्यात काय काय केलं, आणि प्रत्येक कामापुढे घड्याळाची वेळ लिहा. शेजारी तुमची ड्यूटी लिहा. वार्षिक सर्वसाधारण सभा तीस सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्यामुळे त्याआधीच्या दोन महिन्यांत ऑडिट, हिशोबपत्रकं आणि चौदा दिवसांची नोटीस हे सगळं एकत्र येऊन पडतं. तुमच्या नोकरीत ऑगस्ट-सप्टेंबर हीच घाईची वेळ असेल, तर तेही लिहून ठेवा.

हा कागद दुसऱ्या कुणाला दाखवायचा असतोच असं नाही. तो मुख्यतः तुमच्यासाठी असतो, कारण काकांनी तिसऱ्यांदा विचारलं की आपणच मनात "बघू या, जमेल" म्हणायला लागतो.

नकार कुठल्या टप्प्यावर द्यायचा

नकाराची किंमत टप्प्याटप्प्याने वाढत जाते. हा या लेखातला सगळ्यात उपयोगी मुद्दा आहे, म्हणून सावकाश सांगते.

पहिला टप्पा सहीच्या आधीचा. समितीची मुदत पाच वर्षांची असते, त्यामुळे पुढची निवडणूक कधी आहे हे वर्षभर आधी माहीत असतं. अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या संस्था आपली निवडणूक स्वतः घेऊ शकतात, त्यासाठी एक निवडणूक निर्णय अधिकारी नेमला जातो आणि अर्ज, छाननी, माघार, मतदान अशा तारखा जाहीर होतात. अर्जावर उमेदवार म्हणून तुमची सही लागते. सही नाही तर उमेदवारी नाही. या टप्प्यावर नकाराला कुठलाही कागद लागत नाही, फक्त तोंडाने स्पष्ट सांगावं लागतं. इथे एक काळजी घ्या. "नंतर बघू, आत्ता सही करून ठेव, नाव मागे घेता येतं" असं म्हणून कोरा फॉर्म पुढे येतो. तो घेऊ नका. सही करून मागे घेणं म्हणजे आधी हो म्हणून नंतर नाही म्हणणं, आणि सोसायटीत लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं.

दुसरा टप्पा सही झाल्यानंतरचा, पण माघारीच्या तारखेच्या आतला. माघार लेखी आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडेच द्यावी लागते. चेअरमनना फोन करून सांगितलं, ग्रुपवर टाकलं, हे पुरेसं नाही. सरळ एक कागद लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एवढं पुरतं:

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
(संस्थेचं नाव)

विषय: उमेदवारी मागे घेण्याबाबत

महोदय,
मी, सदनिका क्र. ___ ची सभासद, व्यवस्थापन समितीच्या निवडणुकीसाठी दिलेलं नामनिर्देशनपत्र स्वखुशीने मागे घेत आहे. कृपया नोंद घ्यावी आणि या पत्राची पोच द्यावी.

(सही, दिनांक, वेळ)

यात कारण लिहू नका. कारण लिहिलं की त्यावर चर्चा सुरू होते, आणि माघार घ्यायला कारणाची गरज नसते. तारखेबरोबर वेळही लिहा, कारण शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत, हा प्रश्न उभा राहू शकतो.

तिसरा टप्पा निवडून आल्यानंतर, पण पहिल्या बैठकीच्या आधीचा. जागांपेक्षा उमेदवार कमी असतात, म्हणून बरेचदा बिनविरोध निवड होते आणि मतदानाची वेळच येत नाही. आता तुम्ही सभासद झालात, पण अजून पदाधिकारी नाही. पहिल्या बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी बाकीच्या सगळ्या निवडून आलेल्यांना एक छोटा मेसेज पाठवा: "मी समितीची सभासद म्हणून काम करेन. माझी ड्यूटी शिफ्टची असल्याने सेक्रेटरी, खजिनदार किंवा अध्यक्ष यापैकी कुठलंही पद मी घेऊ शकणार नाही. हे आत्ताच कळवते, म्हणजे बैठकीत सगळ्यांना वेळेवर विचार करता येईल." बैठकीत कुणी नाव सुचवलंच, तर "नकार आहे, इतिवृत्तात तशी नोंद घ्या" एवढं म्हणा. नोंद घ्यायला सांगितलं की सुचवणारा सहसा थांबतो.

चौथा टप्पा पद घेतल्यानंतरचा, म्हणजे राजीनाम्याचा. हा सर्वांत महाग. समितीच्या सभासदाने राजीनामा अध्यक्षांकडे, आणि अध्यक्षांनी सेक्रेटरीकडे द्यायचा अशी साधारण पद्धत आहे. पण सेक्रेटरी आणि खजिनदाराच्या बाबतीत एक अट असते: हातातलं काम अद्ययावत करून, सगळे कागद, दप्तर, किल्ल्या समितीपुढे ठेवल्याशिवाय राजीनामा स्वीकारला जात नाही. माझे दोन महिने यातच गेले. तीन बैठकांची इतिवृत्तं वहीत उतरवायची राहिली होती, रोजकीर्दीत एका पावतीचा नंबर दोनदा पडला होता, आणि शेअर सर्टिफिकेटची एक जुनी फाईल सापडत नव्हती. ज्या कामाला वेळ नव्हता म्हणून राजीनामा दिला, तेच सगळं एकदम करावं लागलं. रात्री दहाला सुटल्यावर घरी येऊन मी वही लिहीत बसायचे. म्हणून सांगते, या टप्प्यावर पोहोचूच नका. पोहोचला असाल तर राजीनामा देण्याआधी इतिवृत्त आणि वह्या पूर्ण करा आणि हस्तांतराची यादी करून तिच्यावर नव्या माणसाची सही घ्या.

आणखी एक प्रसंग वरचेवर घडतो. तुम्ही वार्षिक सभेला नव्हता, आणि कुणीतरी तुमचं नाव सुचवून टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर अभिनंदन. त्या वेळी गप्प राहणं म्हणजे संमती समजली जाते. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसात एक पत्र द्या की मी उमेदवारीला संमती दिलेली नाही आणि कुठल्याही अर्जावर सही केलेली नाही, आणि प्रतीवर इनवर्ड नंबर घ्या. अभिनंदनाला ग्रुपवर "धन्यवाद" लिहू नका. त्याऐवजी "पत्र ऑफिसात दिलं आहे, कृपया बघावं" एवढंच लिहा.

समोरासमोर कसं बोलायचं

पद नाकारायला जागा निवडताना विचार करा. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये किंवा गणपतीच्या मांडवात सांगितलेला नकार कुणी नकार धरत नाही. काकांच्या घरी जाऊन, बसून, दहा मिनिटांत सांगून यावं. मी दुसऱ्या वेळी रविवारी सकाळी गेले होते. बोलणं साधारण असं झालं.

"अगं, तुझं नाव मी घातलंय. महिला राखीव जागा आहे, बाकी कुणी नाही."

"काका, विचारलंत त्याबद्दल खरंच बरं वाटलं. पण मी या वेळी अर्ज भरणार नाही."

"का गं, काय झालं? कुणी काही बोललं का?"

"नाही काका. ड्यूटीच्या वेळा जुळत नाहीत. मागच्या वेळी महिन्याला तेरा तास असे होते की जे दिवसाच करायला लागायचे, आणि मी तेव्हा लॅबमध्ये असते. त्यामुळे कामं लटकली. पुन्हा तसं व्हायला नको."

"मग आपण तुझ्या मदतीला कुणीतरी देऊ ना."

"काका, मदतीला माणूस दिला तरी विचारणार मलाच. ते मला जमणार नाही. मी अर्ज भरत नाही, हे आज पक्कं सांगायला आले."

इथे तीन गोष्टी होत्या. पहिलं वाक्य आभाराचं, दुसरं स्पष्ट नकाराचं, आणि कारण एकच. लोक नकार देताना चार-पाच कारणं देतात: मुलाची दहावी, आईची तब्येत, घराचं काम, ऑफिस. प्रत्येक कारणाला समोरच्याकडे उपाय असतो आणि शेवटचं कारण संपलं की आपण अडकतो. एकच कारण द्या आणि तेच पुन्हा सांगा. "या वर्षी नाही" असं म्हणू नका, कारण पुढच्या वर्षाचं वचन दिल्यासारखं होतं. "विचार करून सांगते" असं म्हणायचं असेल तर त्याला तारीख द्या, नाहीतर लोक ते हो धरून चालतात.

राखीव जागेचा दबाव बायकांवर विशेष येतो. कधीकधी घरातल्या पुरुषाला वेळ नाही म्हणून "मग वहिनींचं नाव टाकू, काम तुम्हीच बघा" असाही प्रस्ताव येतो. तो दोघांनीही नाकारावा. सही जिची, जबाबदारी तिची. दुसऱ्याने काम केलं म्हणून जबाबदारी दुसऱ्याची होत नाही. आणि ज्या घरात नवऱ्याला वेळ नाही, त्या घरात वहिनींकडे पडून असलेला वेळ आहे असं धरून चालणंही चूक आहे. राखीव जागेवर कुणी उमेदवारच नसेल तर ती रिकामी राहते, आणि कोरम भरत असेल तोवर समितीचं काम चालू राहू शकतं.

तीन वाक्यं, जी ऐकावी लागतात

"कमिटी झाली नाही तर प्रशासक बसेल." हे नुसतं घाबरवणं नाही. मुदत संपूनही समिती अस्तित्वात आली नाही, तर निबंधक प्रशासक किंवा प्राधिकृत अधिकारी नेमू शकतात आणि त्याचा खर्च संस्थेवर पडतो. पण ते एका माणसाच्या नकाराने होत नाही. शंभरापर्यंत सभासदांच्या संस्थेत समिती साधारण अकरा जणांची असते. माणसंच मिळत नाहीत हा सगळ्या सोसायटीचा प्रश्न आहे, तो तुमच्या सहीने सुटत नाही, पाच वर्षांपुरता झाकला जातो. याचं उत्तर शांतपणे द्या: "काका, बरोबर आहे, म्हणूनच हे सभेत सगळ्यांसमोर मांडू या. मी सभेला येईन आणि पहिल्यांदा मीच बोलेन." आणि खरंच या.

"मग नंतर तक्रार करायची नाही." हे मनाला लागतं. पण पद न घेतल्याने सभासद म्हणून तुमचे हक्क कमी होत नाहीत. हिशोब मागण्याचा, सभेत प्रश्न विचारण्याचा, लेखी तक्रार देण्याचा हक्क जसाच्या तसा राहतो. फक्त भाषा जपावी. जे लोक स्वतःचा वेळ देत आहेत त्यांच्याशी ग्रुपवर चारचौघांत टाकून बोलू नये. पत्र द्यावं.

"तू थकबाकीदार नाहीस ना, मग पात्र आहेस." यावर काहींनी मला असा उपाय सांगितला होता की दोन-तीन महिन्यांचा मेंटेनन्स भरूच नको, म्हणजे आपोआप अपात्र ठरशील. हे कधीही करू नका. व्याज लागतं, थकबाकीच्या यादीत नाव येतं, आणि एक साधा नकार लपवण्यासाठी आपण सोसायटीचे पैसे अडवलेले असतात.

काही देणार असाल तर माप ठरवून द्या

नकार दिल्यावर मन खातं आणि आपण म्हणतो, "पण काही लागलं तर सांगा हं." हे वाक्य टाळा. "काही लागलं तर" याचा अर्थ रोज काहीतरी लागणं असा होतो आणि दोन महिन्यांत तुम्ही पद नसलेल्या सेक्रेटरी होता. मदत द्यायची असेल तर एकच काम, त्याची सुरुवात आणि शेवट सांगून द्या, आणि ते तुमच्या सुट्टीच्या वेळेत बसणारं असावं. मी त्या वेळी सांगितलं होतं की वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या चार कोटेशनचा तुलनात्मक तक्ता मी एका रविवारी करून देईन. तसा करून दिला आणि तिथे थांबले. तीन गोष्टींना मात्र मदत म्हणूनही हात लावू नका: चेकवरची सही, ऑफिसच्या किल्ल्या आणि सोसायटीच्या ग्रुपचं ॲडमिनपद. यातलं काहीही तुमच्याकडे असलं की लोक तुम्हालाच कमिटी धरतात.

पदाला माणूस मिळत नाही याचं मूळ बरेचदा कामाच्या ओझ्यात असतं, आणि ते ओझं पैशाने काही प्रमाणात हलकं होतं. सभेत अर्धवेळ पगारी मॅनेजरचा विषय मांडता येतो. समजा त्याला महिना बारा हजार रुपये दिले, तर छप्पन्न फ्लॅटमध्ये प्रत्येकी साधारण दोनशे चौदा रुपये पडतात. लिफ्टवाल्यासोबत अकराला उभं राहणं, बँकेत जाणं, बिलं वाटणं ही दिवसाची कामं त्याच्याकडे जातात. निर्णय आणि सह्या मात्र समितीकडेच राहतात, त्या मॅनेजरला देता येत नाहीत. हा विषय मांडायचा असेल तर सभेच्या विषयपत्रिकेत यावा म्हणून नोटीस निघण्याच्या आधी सेक्रेटरींना लेखी द्या. "आयत्या वेळचे विषय" म्हणून मांडला तर चर्चा होते आणि निर्णय लांबतो.

आमच्याकडे तो विषय पहिल्या वर्षी नामंजूर झाला, कारण ज्येष्ठांना दोनशे रुपये जास्त वाटले. दुसऱ्या वर्षी मंजूर झाला. तोवर सेक्रेटरीपद तळमजल्यावरच्या एका शिक्षिकेने घेतलं होतं. त्यांची शाळा दुपारी दीडला सुटायची, त्यामुळे बँकेची कामं त्यांच्या वेळेत बसायची.

नकारानंतरचे पहिले दोन महिने

सवयीने फोन येतच राहतात. पूर्वी सेक्रेटरी राहिलेल्यांना तर नक्कीच येतात. प्रत्येक वेळी एकच उत्तर द्या: "हे आता अमुक बघतात, त्यांचा नंबर पाठवते." आणि नंबर पाठवा. उत्तर माहीत असलं तरी स्वतः देऊ नका, विशेषतः पैशाबद्दलचं. नव्या सेक्रेटरींनी स्वतःहून काही विचारलं तर मात्र मोकळेपणाने सांगा, आणि जुन्या फाईलमध्ये ते कुठे आहे तेही दाखवा. मी त्यांना पहिल्या रविवारी दोन तास दप्तर समजावून दिलं होतं, कपाटाचा कुठला कप्पा कशाचा आणि कुठल्या वहीत कुठलं पान दुमडलं आहे इथपर्यंत. त्यानंतर त्यांचा फोन दोनदाच आला. एकदा त्या हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या फाईलसाठी, आणि दुसऱ्यांदा ती टेरेसच्या चावीच्या डब्याखाली सापडली हे सांगायला.